गंजून बसलेला जीआय एल्बो सोडवताना: दोन पाइप पाने आणि बेताची ऊब

जमिनीतून उभा वर आलेला अर्ध्या इंचाचा जीआय पाइप, त्याच्या डोक्यावर एल्बो, एल्बोत छोटा निप्पल आणि निप्पलला नळ. एल्बोच्या खालच्या कडेला तांबूस ओघळ दिसतो आणि रात्रभरात खाली वाटीभर पाणी साचतं. एल्बो बदलायचा, एवढंच काम. पाना लावून जोर केला तर एल्बो आणि पाइप एकाच लोखंडातून ओतल्यासारखे वाटतात, तसूभरही हलत नाहीत. नवख्या माणसाची चूक इथेच होते. तो आणखी जोर लावतो.

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मीही तेच केलं होतं. हातात एकच पाइप पाना होता. एल्बोवर तो लावला आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकलं. "कट्ट" आवाज आला, पाना फिरला आणि सुटलं म्हणून मी खूश झालो. प्रत्यक्षात एल्बो जागच्या जागीच होता. फिरला होता तो सबंध पाइप, आणि खाली फरशीच्या आतला सॉकेट ढिला झाला होता. वरच्या गळतीसाठी सुरू केलेल्या कामात शेवटी फरशी फोडावी लागली. तेव्हापासून मी नवशिक्यांना आधी दुसऱ्या पान्याबद्दल सांगतो. एक पाना फिरवतो, दुसरा धरतो. धरणारा पाना नसेल तर या कामाला हात घालू नये.

आत नेमकं काय अडकलेलं असतं

जीआय पाइपावर जस्ताचा मुलामा असतो, पण आटे बहुतेक वेळा मुलामा दिल्यानंतर पाडले जातात. म्हणजे आट्यांपाशी लोखंड उघडंच असतं. जोडणी करताना त्यावर सूत आणि सफेदा लावतात, किंवा टेफलॉन टेप गुंडाळतात. वर्षानुवर्षं तिथे ओल मुरत राहते आणि आट्यांच्या खाचांत गंज धरतो. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो खाचांत फुगून पाचरीसारखा बसतो. सफेदाही वाळून दगड झालेला असतो.

त्यात पाइपाचे आटे निमुळते असतात, १६ मिलिमीटर लांबीला व्यासात १ मिलिमीटर इतके. मूळ जोडणारा जितका ताणून बसवून गेला असेल तितका पाइप एल्बोत पाचर होऊन बसलेला असतो. मात्र याच निमुळतेपणाचा फायदाही आहे. पाचर एकदा मागे सरकली की पकड झपाट्याने जाते. सगळा झगडा पहिल्या पाव फेऱ्यापुरता असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्ध्या इंचाच्या मध्यम प्रतीच्या पाइपाची भिंत सुमारे २.६ मिलिमीटर जाड असते आणि आट्याची खाच त्यातलं १.१ मिलिमीटरहून जास्त खाते. म्हणजे नव्या पाइपातसुद्धा आट्याच्या तळाशी जेमतेम दीड मिलिमीटर धातू उरतो, जुन्या पाइपात त्याहून कमी. एल्बोच्या तोंडाशी, जिथे पहिला आटा बाहेर डोकावतो, तिथेच पाइप मोडतो. म्हणून इथे जोराला मर्यादा आहे आणि ती ओळखता आली पाहिजे.

सुरुवात करण्याआधी

मुख्य कॉक बंद करा आणि नळ उघडा ठेवा. पाइपात पाणी कोंडलेलं असताना बाहेरून ऊब दिली तर आत वाफ होते आणि वाफेला वाट नसेल तर ती कुठून तरी फुटून बाहेर येते. पाणी निघून गेलं तरी नळ उघडाच राहू द्या. पाइपात पाणी भरलेलं असेल तर एल्बो तापतही नाही, सगळी उष्णता पाणी पिऊन टाकतं.

हा पाइप गॅसचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. गॅसच्या लाइनवर ऊब द्यायची नाही, अगदी हीट गननेसुद्धा नाही. ते काम परवानाधारक माणसाचं आहे.

जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला जोडलेलं असू शकतं. पाइपाला कुठे तार बांधलेली दिसली, किंवा टेस्टर लावल्यावर दिवा उजळला, तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. असा पाइप मधेच सुटा केला की एक टोक एका हाताला, दुसरं दुसऱ्या हाताला, आणि मधे तुम्ही, अशी अवस्था होते.

मग पाइप स्वतः किती धडधाकट आहे ते पाहा. एल्बोच्या खालच्या कडेपाशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा. पापुद्रे निघून खाली घट्ट धातू लागला तर हरकत नाही. टोक आत रुतलं, किंवा पाइपावर फोडांसारखे फुगवटे असून ते खरवडल्यावर पाण्याचा थेंब आला, तर तो पाइप पिळ सहन करणार नाही. तिथे पाना न लावता पाइप कापून नवा तुकडा घालण्याची तयारी ठेवा.

एल्बो फिरवायला जागा आहे का, हेही आताच बघा. एल्बो वाकडा असतो, त्यामुळे फिरताना त्याचं दुसरं तोंड वर्तुळ काढतं. त्यात निप्पल आणि नळ तसाच असेल तर तो भिंतीला आपटतो आणि अर्ध्या फेऱ्यात काम अडतं. म्हणून आधी नळ काढा, मग निप्पल. तेही गंजलेले असतील तर पुढे सांगितलेली रीत त्यांनाही लागू आहे. तेव्हा धरणारा पाना एल्बोवर आणि फिरवणारा निप्पलवर. निप्पल काढल्यावरही एल्बोचं तोंड भिंतीला घासत असेल तर तिथलं प्लास्टर थोडं खरवडून वाट करून घ्या.

पाइपाचं दुसरं टोकही एखाद्या फिटिंगमध्ये पक्कं असेल, आणि आपल्याला एल्बोऐवजी मधला पाइप काढायचा असेल, तर एका टोकाला सोडवताना तो दुसऱ्या टोकाला आवळला जातो. अशा लाइनमध्ये जवळपास युनियन, म्हणजे पाइप न फिरवता मधेच सोडता येणारा जोड, शोधा. नसेल तर पाइप मधेच कापण्याला पर्याय नाही. आपल्या उदाहरणात एल्बो टोकाचा आहे आणि त्याचं दुसरं तोंड मोकळं आहे, म्हणून तो सरळ फिरवून निघतो.

पाने कसे लावायचे

अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या कामाला १४ इंची दोन पाने पुरतात. एक १४ आणि एक १८ इंची असेल तर उत्तम, लांब दांड्याचा फिरवायला आणि आखूड धरायला. दाते तपासा. दात्यांच्या खाचांत रंग, ग्रीस किंवा जुनं सूत भरलेलं असेल तर पाना घसरतो, आणि घसरलेला पाना थेट बोटांवर किंवा भिंतीवर जातो. तारेच्या ब्रशने दाते साफ करून घ्या.

पाइप पाना साध्या पान्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने पकडतो. त्याचा वरचा आकड्यासारखा जबडा थोडा डुगडुगता असतो. दांडा ओढला की तो तिरका होतो आणि दाते धातूत रुततात. जोर वाढतो तशी पकडही वाढते. पण हे एकाच दिशेला होतं. जबड्याचं उघडं तोंड ज्या बाजूला आहे त्या बाजूला दांडा गेला पाहिजे. उलट ओढलं तर पाना सुटून येतो.

पाना पार आतपर्यंत घुसवायचा नाही. आकड्याची पाठ आणि पाइप यांच्यामध्ये बोटाच्या जाडीएवढी, साधारण १० मिलिमीटर, फट राहू द्या. पाइपाला दोनच जागी दाते लागले पाहिजेत, एक आकड्याचा आणि एक खालच्या जबड्याचा. पाठही टेकली तर जबड्याला तिरकं व्हायला जागा उरत नाही आणि तो नुसता घासत राहतो.

आता दोघांची जुळणी. उभ्या पाइपासमोर तोंड करून उभे राहा, दोन्ही दांडे तुमच्याकडे येऊ द्या. वरचा पाना एल्बोच्या खालच्या जाड कड्यावर लावा, म्हणजे पाइप ज्या तोंडात शिरतो त्याच तोंडावर. एल्बोच्या वळणावर लावू नका, तिथे दाते नीट बसत नाहीत. खालचा पाना पाइपावर, एल्बोपासून दोन-तीन सेंटिमीटर खाली. हे अंतर जितकं कमी तितका मधला पाइप कमी पिळला जातो.

वरून पाहिलं तर एल्बो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. त्यामुळे वरच्या पान्याचं तोंड उजवीकडे आणि दांडा थोडा डावीकडे, खालच्या पान्याचं तोंड डावीकडे आणि दांडा थोडा उजवीकडे. दोघांची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध. सुरुवातीला दोन दांड्यांच्या टोकांत वीतभर अंतर ठेवा. आता डावा तळहात वरच्या दांड्याच्या बाहेरच्या बाजूला, उजवा खालच्याच्या बाहेरच्या बाजूला, आणि दोन्ही एकमेकांकडे दाबा, अडकित्ता दाबावा तसे. सगळा जोर या दोन दांड्यांतच फिरतो. भिंतीला, फरशीला, खालच्या सॉकेटला त्यातलं काही पोचत नाही.

बोटं दांड्यांच्या मधे घालू नका. एल्बो सुटतो तो एकदम सुटतो, आणि त्या क्षणी दोन्ही दांडे टाळी वाजवल्यासारखे एकमेकांवर येतात. म्हणून मुठीत धरण्याऐवजी तळहाताने बाहेरून ढकलायचं.

एक खडू घ्या आणि एल्बोच्या कड्यावरून खाली पाइपावर, हातभर लांब, सरळ उभी रेघ ओढा. ही रेघ पुढे सगळं सांगणार आहे. जोर दिल्यावर रेघ एल्बोच्या कडेपाशी तुटली, म्हणजे वरचा तुकडा बाजूला सरकला आणि खालचा सरळच राहिला, तर आटे सुटत आहेत. कडेपाशी रेघ अखंड राहून खाली पाइपावर तिरकी होऊ लागली, दोराच्या पिळासारखी, तर पाइप पिळला जातोय आणि पुढची पायरी मोडण्याची आहे. रेघ सबंध तशीच राहून खाली फरशीपाशी सरकली, तर धरणारा पाना नीट धरत नाहीये आणि खालचा जोड फिरतोय.

आधी तेल आणि ठोके

पहिल्या दिवशी पाने लावण्याची घाई नको. एल्बो आणि पाइपाच्या सांध्यावरचा रंग, चुना, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा. सांध्याच्या कडेला बाहेर आलेलं सूत टोकदार खिळ्याने खरवडून काढा, नाहीतर तेच तेल शोषून घेतं. मग गंज सोडवणारं पातळ तेल सांध्यावर सोडा. आपला पाइप उभा आहे आणि एल्बोचं तोंड खाली आहे, त्यामुळे तेल आत जाण्याऐवजी ओघळून जातं. त्यावर उपाय म्हणजे सांध्याभोवती कापडाची पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळून ती तेलाने भिजवून ठेवायची. एल्बोच्या मोकळ्या तोंडातून आतही थोडं तेल सोडा, ते पाइपाच्या वरच्या टोकावरून आट्यांत उतरतं.

तेल सोडल्यावर हातोडीने ठोके द्या. एल्बोच्या कड्याच्या एका बाजूला जड हातोडी किंवा लोखंडाचा ठोकळा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूला हलक्या हातोडीने ठोका. मग थोडं फिरवून पुन्हा. चारी बाजूंनी आठ-दहा ठोके पुरे. मागे आधार नसेल तर ठोक्याचा धक्का पाइपातून खाली जातो आणि सांध्याला काहीच लागत नाही. जीआय फिटिंग बहुधा मॅलिएबल, म्हणजे चिवट केलेल्या ओतीव लोखंडाचं असतं, ते असे ठोके सोसतं. साधं ओतीव लोखंड मात्र ठिसूळ असतं, ते तडकतं. शंका असेल तर ठोके अगदी हलके ठेवा.

रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके, आणि मग थंड असतानाच पाने लावून एकदा पाहा. इथे एक युक्ती आहे जी नवख्याला उलटी वाटते: आधी किंचित आवळायचं. दोन्ही पाने उलटे लावून, अगदी केसभर घट्ट करण्याच्या दिशेने दाब द्या. उद्देश एवढाच की गंजाचा थर कुठेतरी तडकावा. एकदा तडकला की उलट दिशेला तो कमी विरोध करतो. हलकाच दाब द्या, रेघ तिरकी होऊ लागली तर तिथेच थांबा. मग पाने पुन्हा सोडवण्याच्या दिशेने लावून, झटका न देता, हळूहळू दाब वाढवत न्या आणि पूर्ण जोर आला की पाच-सात सेकंद तसाच धरून ठेवा.

निम्मे सांधे एवढ्यानेच सुटतात असं मला तरी अनुभवाने वाटतं. उरलेल्यांना ऊब लागते.

ऊब: किती, कुठे आणि किती वेळ

लोखंड तापलं की वाढतं, पण किती? अर्ध्या इंचाच्या पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर. एल्बो पाइपापेक्षा १०० अंश सेल्सियसने जास्त गरम झाला तर त्याचं तोंड सुमारे ०.०२५ मिलिमीटरने मोठं होतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याने एल्बो सैल होऊन हातात येत नाही. पण गंज ठिसूळ असतो आणि लोखंडासारखा ताणला जात नाही. एक बाजू सरकली आणि दुसरी तिथेच राहिली की मधला गंज भुगा होतो. ऊब द्यायची ती एवढ्यासाठीच.

यातून दोन गोष्टी निघतात. ऊब एल्बोलाच द्यायची, पाइपाला नाही. आणि ती लवकर द्यायची, कारण वेळ लावला तर उष्णता आट्यांतून पाइपात उतरते, दोघंही सारखेच वाढतात आणि फरक संपतो. म्हणून सांध्याच्या खाली पाइपावर ओलं, पिळलेलं जाड फडकं गुंडाळून ठेवा. त्याने पाइप थंड राहतो आणि भिंतीचा रंगही वाचतो. पाणी एल्बोवर उडवू नका. तापलेल्या एल्बोवर गार पाणी पडलं तर तो आकसून पाइपाला आणखी आवळतो आणि तडकूही शकतो.

ऊब देण्याआधी तेलाची पट्टी काढून टाका आणि एल्बो व पाइप कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. आट्यांच्या आत उरलेलं तेल धूर करेलच, म्हणून खिडकी उघडी ठेवा, तेलाचा डबा आणि तेलकट चिंध्या खोलीबाहेर न्या आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. एल्बोवर जुना ऑइलपेंट असेल तर तोही आधी नीट काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि तापल्यावर त्याचा धूर छातीत जातो. असा रंग कोरडा घासला तर धूळ उडते, म्हणून तो ओला करून खरवडा. जवळ प्लास्टिकचा पाइप, लाकूड किंवा वायर असेल तर मधे पत्र्याचा तुकडा उभा करा.

नवख्याने हीट गन वापरावी. ज्योतीपेक्षा तिचं काम हळू होतं, पण हात चुकला तरी नुकसान कमी. तोंड एल्बोच्या कड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून चारी बाजूंनी फिरवत राहा. भिंतीकडची बाजू विसरली जाते. तिथे ऊब पोचली नाही तर एल्बो वेडावाकडा वाढतो आणि उपयोग होत नाही. तीन-चार मिनिटांनी बोट पाण्यात बुडवून एक थेंब कड्यावर झटका. थेंब पसरून हळूहळू वाफाळला तर अजून वेळ आहे. पडताक्षणी चर्र करून नाहीसा झाला तर पुरे. एवढीच ऊब हवी, दीडशे अंशांच्या आसपास.

गॅस टॉर्च वापरत असाल तर ज्योत सतत हलती ठेवा आणि एका मिनिटातच थेंबाची परीक्षा घ्या. ज्योतीला मर्यादा कळत नाही. आत टेफलॉन टेप असेल तर २६० अंशांच्या पुढे ती बिघडू लागते आणि आणखी तापली की विषारी वायू सोडते. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं. त्याही पुढे नेऊन एल्बो लाल केला तर जस्ताचा पांढरा धूर निघतो; तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. एल्बोवर पांढरा धूर किंवा पिवळसर पापुद्रा दिसला तर ऊब ताबडतोब बंद करा आणि खोलीबाहेर जा.

थेंबाची परीक्षा झाली की हीट गन बाजूला ठेवा, चामड्याचे हातमोजे असतीलच, आणि लगेच पाने लावा. पाने आधीच त्या मापाला उघडून तयार ठेवलेले हवेत. चाक फिरवत माप शोधण्यात अर्धं मिनिट गेलं तर कमावलेला फरक तेवढ्यात निघून जातो. हळूहळू दाब, पूर्ण जोर, पाच-सात सेकंद. डोळे खडूच्या रेघेवर.

सुटताना काय होतं

गेल्या खेपेला केलेलं काम सांगतो, म्हणजे अंदाज येईल. असाच उभा अर्धा इंची पाइप, वर एल्बो. आदल्या संध्याकाळी तेल आणि ठोके. सकाळी थंड प्रयत्न केला, रेघ जिथल्या तिथे. पुसून चार मिनिटं हीट गन दिली, थेंब चर्र झाला, १४ आणि १८ इंची पाने लावले. काही नाही. इथे मोह होतो दांड्यावर लांब पाइप घालून जोर वाढवायचा. तो टाळला. एल्बो हाताला सोसवेल इतका निवू दिला आणि मग कडेला पुन्हा तेल सोडलं. निवताना फटीतली हवा आकसते आणि गंजाला नव्याने पडलेल्या भेगांतून तेल आत ओढलं जातं. गरम एल्बोवर तेल ओतायचं नाही, ते पेटू शकतं.

अर्ध्या तासाने पुसून दुसरी ऊब. या वेळी पूर्ण जोर धरून ठेवला असताना एक कोरडी, तुटक "टिक" ऐकू आली, बर्फाला तडा गेल्यासारखी, आणि रेघ कडेपाशी दोन मिलिमीटर सरकली. खालची रेघ सरळ होती. हाच तो क्षण. इथे ओढत सुटू नये. आत गंजाचा भुगा मोकळा झालेला असतो आणि तोच आट्यांत अडकून पुन्हा पाचर बनतो. मी थांबलो, एल्बो निवू दिला, तेल सोडलं, पाने उलटे लावून ते दोन मिलिमीटर परत मागे नेले, मग पुढे पाच मिलिमीटर, मागे तीन. कडेतून तपकिरी चिखल बाहेर येऊ लागला. तो पुसत, पुढेमागे करत पहिला पाव फेरा काढायला दहा मिनिटं लागली. पुढचे फेरे दोन मिनिटांत झाले. अर्ध्या इंचाला साधारण पाच ते सात फेरे असतात. शेवटचे दोन हातानेच निघाले.

आवाजावरूनही फरक कळतो. आटे सुटतात तेव्हा आवाज कोरडा आणि नेमका असतो आणि नंतर हाताला खरखर जाणवते. पाइप मोडायला येतो तेव्हा आवाज नसतो. हाताला मऊपणा जाणवतो, ओल्या लाकडाला पिळ दिल्यासारखा, आणि दाब सोडल्यावर दांडा मागे येत नाही. तसं जाणवलं की लगेच हात काढा.

कधी थांबायचं

ऊब आणि तेलाच्या तीन फेऱ्या झाल्या आणि रेघ हलली नाही, तर माझा सल्ला आहे की पाने खाली ठेवा. दांड्यावर लांब पाइप घालून ताकद दुप्पट करता येते, पण पाइपाच्या आट्यातला दीड मिलिमीटर धातू तेवढाच राहतो. शिवाय १४ इंची पान्याचा दांडा त्याने वाकतो.

त्याऐवजी एल्बोचा बळी द्या, तो तसाही फेकायचाच आहे. एल्बोच्या कड्यावर, पाइपाला समांतर अशी उभी चीर हॅक्सॉने पाडा. भुशाचा रंग बघत चला आणि आतल्या आट्यांचे शेंडे चमकू लागले की थांबा. पाइपाच्या आट्यांना ब्लेड लागता कामा नये. मग चिरेत छिन्नी ठेवून एक-दोन ठोके दिले की कडं तिथे उघडतं आणि पकड सुटते. त्यानंतर दोन पान्यांनी एल्बो सहज फिरतो. चीर आट्यांत थोडी गेलीच तर तिथून पुढे गळती राहते, म्हणून शेवटचे पाच-सहा हात अगदी सावकाश मारा.

आणि पाइप एल्बोत मोडलाच, तर वरचा तुकडा गेला असं समजा. खाली उरलेल्या पाइपाचं टोक हॅक्सॉने सरळ कापून त्यावर डायने नवे आटे पाडावे लागतात. पाइप फरशीच्या इतक्या जवळ मोडला की डाय बसत नाही, तर ते काम प्लंबरकडे द्या.

एल्बो निघाल्यावर पाइपाचे आटे तारेच्या ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत स्वच्छ करा आणि उजेडात नीट पाहा. वरचा एखादा आटा झिजलेला असेल तर चालतं. सलग तीन आटे बोथट झाले असतील तर नवा एल्बोही तिथे गळेल. आटे चांगले असतील तर टेफलॉन टेप, पाइपाच्या तोंडाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने, पाच-सहा वेढे, ताणून. नवा एल्बो हाताने जाईल तितका फिरवा आणि मग पुन्हा तेच दोन पाने घ्या, एक फिरवायला आणि एक धरायला. आवळतानाही खालचा सॉकेट फिरू शकतो.